लाल रस्सा हवा, ठसका नको: काश्मिरी आणि साधं तिखट वापरण्याची रीत

रस्सा पिवळट दिसतोय म्हणून अर्धा चमचा तिखट वाढवलं. तरी लाल होईना, म्हणून आणखी अर्धा. शेवटी ताटात तो जेमतेम विटकरी दिसला आणि पहिल्याच घासाला सगळ्यांना ठसका लागला. हे ज्यांच्याकडे होतं त्यातले बरेच जण पुढच्या वेळी काश्मिरी तिखट आणतात, आणि तरीही रस्सा लाल होत नाही. पुडी बदललेली असते, पण घालायची वेळ, तेल आणि आच जुनीच असते.

घोळ खरं तर शब्दातच आहे. पुडीला आपण तिखट म्हणतो आणि चवीलाही तिखटच म्हणतो, त्यामुळे रंग आणि झणका एकच वाटायला लागतात. मिरचीत ते वेगवेगळे असतात. लाल रंग मुख्यतः कॅप्सॅन्थिन नावाच्या रंगद्रव्याचा, आणि ते असतं सालीत. झोंबणारं असतं ते कॅप्सेसिन, आणि ते सर्वात जास्त असतं आतल्या पांढरट शिरांमध्ये, जिथे बिया चिकटलेल्या असतात. बिया स्वतः फारशा तिखट नसतात, शिरांना लागून राहिल्यामुळे तिखट लागतात. काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीत रंग भरपूर आणि झणका कमी, गुंटूर किंवा लवंगीत झणका भरपूर.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत: रंग आणि झणका, दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीत. म्हणून साध्या तिखटातून फक्त रंग काढून घ्यायची कुठलीही युक्ती नाही. तेलात रंग उतरला की झणकाही उतरणारच. रंगासाठी मिरचीच वेगळी लागते, आणि तिचा रंग बाहेर यायला तेल लागतं.

उदाहरणासाठी मी चौघांचा अंड्याचा रस्सा घेते. अंडं रश्श्याला स्वतःचा रंग देत नाही, त्यामुळे जे काही बरंवाईट होईल ते स्पष्ट दिसतं. चिकन, पनीर किंवा बटाटा असला तरी पायऱ्या याच.

पायरी १: डब्यात नेमकं काय आहे ते तपासा

«काश्मिरी» लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. त्या नावाने विकली जाणारी सगळी मिरची काश्मीरमधली नसते. आपल्याकडे त्या जागी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्याकडची ब्याडगी सर्रास वापरतात, आणि त्यात वाईट काही नाही. ब्याडगीचा रंग उत्तम असतो. ती काश्मिरीपेक्षा जराशी तिखट, पण गुंटूरच्या मानाने खूपच सौम्य. तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापात काश्मिरी साधारण १,००० ते २,००० च्या घरात धरतात आणि गुंटूरची सन्नम ३५,००० ते ४०,००० च्या. म्हणजे «काश्मिरी»च्या सुट्या पुडीत थोडी गुंटूर मिसळली तरी तुमचं सगळं प्रमाण कोलमडतं.

माझं असंच कोलमडलं होतं. बारा माणसांच्या जेवणासाठी एका दुकानातून सुटं काश्मिरी तिखट आणलं. रंग इतका सुरेख की चव न बघता नऊ चमचे घातले. लहान मुलांना त्या दिवशी दहीभात वाढावा लागला. तेव्हापासून नवी पुडी आली की मी आधी दोन वाट्यांची परीक्षा घेते. पंधरा मिनिटं लागतात.

दोन पांढऱ्या वाट्यांत प्रत्येकी दोन मोठे चमचे तेल घ्या. तेल कोमट हवं, बोट बुडवता येईल इतपतच. एकीत अर्धा चमचा काश्मिरी, दुसरीत अर्धा चमचा रोजचं तिखट घालून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवून द्या. गाळ खाली बसला की वरच्या तेलाचे थेंब पांढऱ्या बशीत टाका. चांगल्या काश्मिरीचं तेल माणकासारखं गडद लाल दिसतं, साध्या तिखटाचं नारिंगीकडे झुकतं. काश्मिरीचं तेलही पिवळट नारिंगी आलं तर पूड जुनी आहे किंवा उन्हात राहिलेली आहे. अशा पुडीने रस्सा लाल होणार नाही, कितीही घाला.

मग चव. त्याच तेलातलं पाव चमचा दोन घास मोकळ्या भातावर कालवून खा आणि पूर्ण एक मिनिट थांबा. मिरचीचा झणका उशिरा चढतो. जिभेवर पहिल्या क्षणी काही जाणवलं नाही म्हणून «सौम्य आहे» असा निकाल देऊ नका. दुसरी पूड चाखण्याआधी चमचाभर दही किंवा घोटभर दूध घ्या, पाण्याने जीभ शांत होत नाही.

तपासा: ग्लासभर पाण्यावर चिमूटभर पूड भुरभुरवा आणि ढवळू नका. पुडीतून रंगाच्या रेघा लगेच खाली उतरायला लागल्या तर त्यात पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग घातलेला आहे. मात्र रेघा उतरल्या नाहीत म्हणजे पूड शुद्धच, असं नाही. तेलात विरघळणारे रंग या परीक्षेत सापडत नाहीत. त्यामुळे सुट्या पुडीपेक्षा अख्खी मिरची आणून कुटून घेणं किंवा बंद पाकीट घेणं बरं.

अख्खी घेत असाल तर साल बघा. ब्याडगी सुरकुतलेली आणि गडद लाल असते. गुळगुळीत, चकचकीत सालीची मिरची बहुधा झणझणीत निघते. संकेश्वरी या दोघींच्या मधली: रंगही बरा, झणकाही बऱ्यापैकी. ज्यांना दोन डबे सांभाळायचे नाहीत त्यांनी संकेश्वरी घ्यायला हरकत नाही, पण ज्या घरात अजिबात तिखट न खाणारं कुणी आहे तिथे ती चालत नाही.

पायरी २: रंगाचा हिशेब वेगळा, तिखटाचा वेगळा

बहुतेक पाककृतींत «लाल तिखट २ चमचे» एवढंच लिहिलेलं असतं. तुम्ही ते आकडे दोन भागांत फोडायचे.

काश्मिरीचं प्रमाण रश्श्याच्या मापावर ठरतं, खाणाऱ्यांवर नाही. तयार रश्श्याच्या दर वाटीमागे चहाचा पाऊण सपाट चमचा. आपल्या अंड्याच्या रश्श्यात शेवटी साधारण चार वाट्या रस्सा उरतो, म्हणजे तीन सपाट चमचे. सपाट हा शब्द मुद्दाम लिहिला आहे, शीग लावलेला एक चमचा सहज दीड-दोन चमचे होतो.

साध्या तिखटाचं प्रमाण खाणाऱ्यांवर ठरतं. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर चार वाट्यांना शून्य ते पाव चमचा, घरातल्या नेहमीच्या जेवणाला अर्धा, आणि झणझणीत लागणाऱ्यांसाठी एक. पहिल्यांदा करताना पावच घाला. झणका नंतर वाढवता येतो, कमी करता येत नाही.

काश्मिरी सौम्य आहे म्हणून हात सैल सोडायचा, हीसुद्धा चूकच. वाटीमागे एका चमच्याच्या वर गेलं की रस्सा रेतीसारखा दाट लागतो, घशाशी पूड जाणवते आणि एक कोरडा कडवटपणा येतो. एवढं घालूनही रंग येत नसेल तर दोष पुडीचा किंवा पुढच्या पायऱ्यांचा आहे.

थांबा: दोन्ही तिखटं मिसळून एका डब्यात भरू नका. मग रंग वाढवताना झणका आपोआप वाढतो आणि आपण जिथून सुरुवात केली तिथेच येतो.

पायरी ३: रंग मारणाऱ्या गोष्टी आधी सांभाळा

तिखट कढईत पडायच्या आधीच अर्धा रंग ठरलेला असतो. ही पायरी सगळे घाईत उरकतात.

पहिला कांदा. तीन मध्यम कांदे बारीक चिरून चार मोठे चमचे तेलात परतायचे, ते गुलाबी होऊन कडांना सोनेरी झाक येईपर्यंत. तपकिरी होईपर्यंत परतलेला कांदा चवीला छान लागतो, पण तपकिरीत लाल मिसळला की तपकिरीच उरतं. काळ्या वाटणाचा रस्सा करायचा असेल तेव्हा कांदा-खोबरं खुशाल खरपूस भाजा, पण मग लाल रंगाची अपेक्षा सोडा. दोन्ही एका कढईत मिळत नाहीत. सुकं खोबरं घालायचंच असेल तर चार वाट्यांना दोन मोठे चमचे किसून, रंग बदलण्याआधीच आचेवरून उतरवा.

दुसरी हळद. सवयीने अर्धा-पाऊण चमचा जाते आणि रस्सा नारिंगी होतो, मग दोष काश्मिरीला. पाव चमचा पुरे. धणेपूड एक चमचा, गरम मसाला अर्धा, आणि तोही अगदी शेवटी. या दोन्ही पुडी तपकिरी आहेत आणि पहिल्यापासून तेलात परतल्या की रंग मळकट करतात.

तिसरा टोमॅटो. पूर्ण लाल, मऊ झालेले तीन घ्या. हिरवट किंवा पिवळसर टोमॅटो आंबटपणा देतात आणि लाली देत नाहीत, मग तो आंबटपणा मारायला साखर, आणि सगळं बिघडत जातं.

आता वाटणाबद्दल, कारण इथली चूक फार कमी लोकांच्या लक्षात येते. कांदा, टोमॅटो, तिखट सगळं परतून घ्यायचं, गार करून मिक्सरमध्ये फिरवायचं, अशी पद्धत अनेकजण वापरतात. मिक्सरमध्ये तेलाचे अगदी बारीक थेंब होऊन वाटणात मिसळतात, वर हवा भरते, आणि गडद लाल मसाला बघता बघता फिकट नारिंगी होतो. रंग कुठे गेलेला नसतो, पण तो दुधासारख्या धूसर वाटणात झाकला जातो. म्हणून जे वाटायचं ते तिखट घालण्याआधी वाटा. गुळगुळीत रस्सा हवा असेल तर गुलाबी झालेला कांदा कढईतून झाऱ्याने काढा, तेल कढईतच राहू द्या, आणि कांदा-टोमॅटो वाटून बाजूला ठेवा. काजू, दही, साय यांचंही तेच होतं: त्या घातल्या की रंग फिकटणारच. घालायच्या असतील तर पायरी ६ मधली तर्री चुकवू नका.

काहीजण लाली यावी म्हणून बीट वाटून घालतात. बिटाचा रंग जांभळट असतो, उकळला की उडतो, आणि रस्सा गोडसर लागतो. मला तो प्रकार मुळीच पटत नाही.

पायरी ४: तिखट तेलात, पण तापलेल्या तेलात नाही

मुख्य काम इथे होतं, आणि ते सगळं दीड-दोन मिनिटांत आटपतं. त्यामुळे सगळं हाताशी ठेवून मगच सुरुवात करा: वाटण, एक मोठा चमचा आलं-लसणाची पेस्ट, हळद, धणेपूड, अर्धी वाटी गरम पाणी, आणि एका छोट्या वाटीत दोन्ही तिखटं. त्या वाटीत तीन-चार मोठे चमचे पाणी घालून गुठळी राहणार नाही असं सरसरीत कालवून ठेवा.

कालवायचं का, तर कोरडी पूड तापलेल्या तेलात पडली की काही सेकंदांत करपते. काश्मिरी तर आणखी लवकर. करपलं की लाल रंग आधी विटकरी, मग कॉफीसारखा होतो, आणि तो परत येत नाही. पाण्यात कालवलेली पूड घातली की पाणी उडून जाईपर्यंत तिचं तापमान उकळत्या पाण्यापलीकडे फारसं जात नाही, तेवढा वेळ तुम्हाला मिळतो. कोरडी घालायची सवय असेल तर चालते, पण मग हात चपळ हवा.

कढईतल्या तेलात आलं-लसूण मंद आचेवर मिनिटभर परता. कच्चा वास गेला की गॅस बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. हे थांबणंच सगळ्यांना जड जातं. मग तेलाची परीक्षा घ्या: कडेला चिमूटभर काश्मिरी कोरडी टाका. ती हळूहळू फसफसली आणि तिच्याभोवती लाल वर्तुळ पसरलं, तर तेल बरोबर आहे. पडताक्षणी चिमूट काळवंडली तर तेल अजून तापलेलं आहे, आणखी अर्धा मिनिट थांबा. काहीच हललं नाही तर तेल थंड पडलंय, आच अगदी मंद सुरू करा.

आता कालवलेलं तिखट ओता. तडतडेल, जरा मागे राहा. गॅस मंद ठेवा आणि उलथन्याने तळ सतत खरवडत राहा. आधी सगळं चिखलासारखं दिसेल, रंगही मंद वाटेल. मिनिट-दीड मिनिटाने पाणी उडतं, तडतडण्याचा आवाज बारीक होतो आणि कडांना लाल तेल वेगळं दिसायला लागतं. त्याच क्षणी हळद आणि धणेपूड घालून दोनदा फिरवा आणि लगेच कांदा-टोमॅटोचं वाटण घाला. वाटणातलं पाणी तिखटाला करपण्यापासून वाचवतं. फोन आला तर आधी गॅस बंद करा, मग उचला.

पुढे वाटण मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं परतायचं, तेल सुटेपर्यंत. मधे कोरडं पडून तळाला लागायला लागलं तर गरम पाण्याचा शिपका द्या. हा शिपका दोन-तीन वेळा द्यावा लागतो. दर वेळी पाणी आटून तेल परत सुटतं आणि रंग आणखी उतरतो.

तपासा: चमच्याची कड मसाल्यात दाबा. भोवती जमा होणारं तेल लाल हवं. ते पिवळं असेल तर तिखट तेलाला नीट लागलेलंच नाही, आणखी दोन-तीन मिनिटं परता. तेल दिसतच नसेल तर तुम्ही तेल कमी घेतलंय. चार वाट्यांना दोन चमचे तेल घालून लाल रस्सा येत नाही, कारण रंग ठेवायला जागाच नसते. तेल कमी खायचं असेल तर शेवटी वरचा तवंग काढून टाका, पण सुरुवातीला कंजुषी नको.

नेहमीची चूक उलट क्रमाची असते. कांदा परतला, टोमॅटो घातला, त्याला पाणी सुटलं, आणि मग वरून कोरडं तिखट भुरभुरवलं. ते तेलाला न लागता पाण्यातच शिजतं. रस्सा गढूळ गुलाबी होतो, चवीला कच्चा लागतो, आणि झणका मात्र पुरेपूर लागतो, कारण जिभेला झोंबायला त्याला फोडणीची गरज नसते. रंग गेला आणि तिखट तेवढं राहिलं, ते असं.

पायरी ५: पाणी आणि आच

पाणी गरमच घाला. आपल्या रश्श्याला दोन ते अडीच वाट्या लागतात. एकदम न ओतता आधी अर्धी वाटी घालून मसाला सैल करा, मग उरलेलं. मीठ इथेच.

एक उकळी आली की आच लगेच मंद करा. खळाखळा उकळत ठेवलेल्या रश्श्यात तेल घुसळून मिसळतं आणि मिक्सरमध्ये जे होतं तेच कढईत होतं, लाल रस्सा नारिंगी पडतो. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं फक्त बुडबुडे येत राहिले की तेल निवांत वर चढतं आणि आपल्यासोबत रंग घेऊन येतं. झाकण थोडं तिरकं ठेवा, आणि सारखं ढवळू नका. उकडून सोललेली, बारीक चिरा दिलेली आठ अंडी याच वेळी सोडा. गरम मसाला शेवटच्या दोन मिनिटांत.

गॅस बंद केल्यावर झाकून दहा मिनिटं ठेवा. रस्सा कढईतून थेट ताटात वाढला की नेहमी एक छटा फिका दिसतो. थांबल्यावर तवंग वर जमतो आणि तोच डोळ्यांना लाल वाटतो.

चव आत्ता बघा, आधी नको. उकळता रस्सा चाखला तर चटका आणि झणका यांतला फरक जिभेला कळत नाही. कमी वाटलं तर साधं तिखट कोरडं घालू नका. पाव चमचा तिखट चमचाभर कोमट तेलात मिसळून घाला आणि पाच मिनिटं मंद आचेवर ठेवा.

पायरी ६: वरून तर्री, गरज असेल तरच

वरच्या पायऱ्या जमल्या असतील तर हिची गरज पडत नाही. काजू, साय, नारळाचं दूध किंवा दही घातलेल्या रश्श्याला मात्र लागते.

छोट्या कढल्यात दोन चमचे तेल गरम करा, गॅस बंद करून मिनिटभर थांबा, आणि एक सपाट चमचा काश्मिरी त्यात घाला. लगेच लाल फेस येईल. फेस बसला की हे तेल वाढण्याआधी रश्श्यावर गोलाकार सोडा आणि ढवळू नका. इथे फक्त काश्मिरीच वापरायचं. तर्री जिभेला सर्वात आधी लागते, म्हणून तिच्यातलं साधं तिखट दुप्पट जाणवतं.

पूड नको असेल तर: भिजवलेल्या मिरचीचं वाटण

ज्यांना गुळगुळीत, दाट लाल रस्सा हवा त्यांना पुडीपेक्षा हे जास्त जमतं, आणि तिखटावर ताबाही जास्त राहतो. चार वाट्यांना आठ-दहा अख्ख्या काश्मिरी किंवा ब्याडगी मिरच्या घ्या. देठ काढून उभी चीर द्या, बिया झटका, आणि आतल्या फिकट शिरा नखाने किंवा चाकूच्या टोकाने ओढून काढा. झणका तिथे आहे. त्यानंतर हात आधी तेलाने चोळा, मग साबणाने धुवा, आणि निदान तासभर डोळ्यांना लावू नका.

मिरच्या गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजवा, मऊ झाल्या की थोडंसं पाणी घेऊन अगदी बारीक वाटा. गाळणीतून गाळून घेतलं की सालींचे कण जातात. हे वाटण पायरी ४ मध्ये कालवलेल्या तिखटाच्या जागी घालायचं, फक्त परतायला चार-पाच मिनिटं द्या, कारण यात पाणी जास्त असतं. भिजवलेलं पाणी लालसर दिसतं म्हणून सगळं रश्श्यात ओतण्याचा मोह होतो. त्यात रंग फारसा नसतो आणि कधी कधी ते कडवट असतं. चाखा, मग ठरवा.

मिरच्या आधी कोरड्या भाजायच्या का, हा प्रश्न हमखास येतो. लाल रंगासाठी नाही. वास सुंदर येतो, पण एखादी जरी काळी पडली तर सगळं वाटण मळकट होतं.

पूड कशी ठेवायची

मिरचीचा लाल रंग उजेडाने, उष्णतेने आणि हवेने उडतो, झणका मात्र बराच काळ टिकतो. त्यामुळे ओट्यावरच्या काचेच्या बरणीत सहा महिने राहिलेली पूड जशीच्या तशी तिखट लागते, पण रंग देत नाही. ती बघून माणूस आणखी घालतो. मसाल्याच्या डब्यात पंधरा दिवसांचीच पूड काढा, बाकी हवाबंद डब्यात अंधारात किंवा फ्रिजमध्ये. ओला चमचा घालू नका.

वर्षाची मिरची कुटून घेणाऱ्यांनी उन्हाकडे लक्ष द्यावं. दिवसा दाणकन मोडेल इतकी वाळली की उचला. त्यानंतरचं ऊन फक्त रंग खातं. देठ आधीच काढा, नाहीतर पुडीला पिवळट झाक येते. काश्मिरी आणि तिखट मिरची वेगवेगळी कुटून घ्या, आणि आधी काश्मिरी. डंकात मागच्याची झणझणीत मिरची राहिलेली असते, म्हणून पहिली मूठभर पूड बाजूला काढायला सांगा.

बिघडलंच तर

रस्सा फिका पण तिखट बरोबर: तर्री घाला, पायरी ६ प्रमाणे.

रस्सा लाल पण फार तिखट: बटाटा टाकून तो तिखट शोषून घेईल, अशी समजूत आहे. बटाटा रस्सा पितो, त्यातलं कॅप्सेसिन वेगळं काढत नाही. खरा उपाय म्हणजे वरचा तवंग काढणं, कारण झणका तेलात आहे. पण त्यासोबत रंगही निघतो, हे धरून चला. मग तिखट न घालता एक कांदा आणि एक टोमॅटो तेलावर परतून, वाटून मिसळा, दोन चमचे काजूची पेस्ट किंवा नारळाचं दूध घाला, मीठ जुळवा, आणि गेलेला रंग काश्मिरीच्या तर्रीने भरून काढा. गुळाचा छोटा खडा झणका थोडा झाकतो, पण दुसरा खडा घालू नका.

रस्सा नारिंगी: हळद जास्त झाली असेल तर अर्धा चमचा काश्मिरी तेलात मिसळून घाला, थोडं सुधारतं. खळाखळा उकळल्यामुळे किंवा वाटल्यामुळे नारिंगी झाला असेल तर झाकून मंद आचेवर पंधरा मिनिटं ठेवा, तेल वर आलं की बरीचशी लाली परतते.

करपलं: याला उपाय नाही, पण वेळीच कळलं तर नुकसान थोडं होतं. वाटण घालायच्या आधी कढईवर वाकून वास घ्या. भाजलेल्या मिरचीचा गोडसर वास असेल तर पुढे जा. नाकात झणझणीत धूर गेला, खोकला आला आणि तेल विटकरी दिसलं तर तिथेच थांबा. चार चमचे तेल आणि तीन चमचे तिखट टाकून द्या, कढई पुसून घ्या आणि फोडणी नव्याने करा. बाजूला काढलेलं वाटण आणि अंडी जशीच्या तशी आहेत, सगळं मिळून दहा मिनिटं वाढतात.